हनुवटीवरचे हट्टी मुरुम: स्पायरोनोलॅक्टोन आणि गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल सांगलीच्या ओपीडीत विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत त्वचारोगाची ओपीडी चालवते. मिरज, तासगाव, कवठे महांकाळ, जतकडून पेशंट येतात, काही पलूस-विट्याहूनही. पंचविशी ओलांडलेल्या बायकांचे मुरुम हा रोजचा विषय आहे आणि प्रश्नही बरेचसे तेच तेच असतात. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काहींना वेळ लागतो. पोटॅशियमच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त लागतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घबराट होते.

रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आले. मग माझे मुरुम हार्मोनचे आहेत हे कशावरून?

चेहऱ्यावरून आणि पाळीच्या तारखांवरून. हनुवटी, जबड्याची कड आणि मानेचा वरचा भाग इथे खोल, दुखरे, बोटाने दाबले तर गाठीसारखे लागणारे मुरुम. पाळीच्या आधी आठवडाभर उसळणारे आणि पाळी संपली की जरा बसणारे. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेपर्यंत बरं आणि थांबवला की दोन महिन्यांत परत. एवढी हकीकत जुळली की मला रक्ताच्या तपासणीची वाट बघावी लागत नाही.

अशा बहुतेक बायकांच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेले नसतात. प्रमाण नॉर्मल असतं, त्वचेतल्या तेलग्रंथीच त्याला जास्त जोरात प्रतिसाद देतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे हार्मोन नाही’ हे गणित चुकतं.

तपासण्या मी कधी सांगते? पाळी पस्तीस दिवसांच्या पुढे जाते किंवा दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर-छातीवर राठ केस येतात, टाळूवर भांग रुंद होतो, अशा वेळी. मग टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन वगैरे बघते आणि गरज पडली तर सोनोग्राफीला पाठवते. हे रक्त गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी द्यायचं. गोळी चालू असताना दिलं तर आकडे गोळीचे येतात, तुमचे नाही. काही महिन्यांतच आवाज जाड झाला, केस झपाट्याने वाढले, असं असेल तर थांबू नका. तो मुरुमांचा विषय राहत नाही, अंडाशय आणि अॅड्रिनल ग्रंथी तातडीने तपासाव्या लागतात.

मेडिकलमधून आणलेलं गोरं व्हायचं क्रीम लावत होते. ते सांगायला हवं का?

ट्यूबच घेऊन या. आमच्याकडच्या निम्म्या गोंधळाचं मूळ त्या ट्यूबमध्ये असतं. स्टेरॉइड असलेलं क्रीम महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं की एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या येतात, चेहरा लाल होतो, उन्हात चरचरतो. त्यावर हार्मोनची गोळी देऊन काही साधत नाही. आधी क्रीम सोडवायचं आणि मग उरलेलं काय ते बघायचं.

या दोन गोळ्या नेमकं काय करतात?

एकत्रित गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन असतात. त्यांनी अंडाशयातून बाहेर पडणारं टेस्टोस्टेरॉन कमी होतं. शिवाय इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त तयार करतं, ते रक्तात मोकळं फिरणारं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवतं. म्हणजे ग्रंथीपर्यंत माल कमी पोचतो.

स्पायरोनोलॅक्टोन पुरवठ्याला फारसा हात लावत नाही. ती ग्रंथीच्या दारात जाऊन बसते, हार्मोन आला तरी कुलूप उघडू देत नाही. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात, म्हणून काही जणींना दोन्ही मिळून देता येतात.

मेडिकलवाला म्हणाला, ‘ही तर हृदयाची गोळी आहे, तुम्हाला कशाला दिली?’

तो खोटं बोलला नाही. स्पायरोनोलॅक्टोन हृदय कमजोर झालेल्यांना, यकृताच्या आजारात पोटात पाणी झालेल्यांना आणि न बधणाऱ्या रक्तदाबासाठी देतात. मुरुमांसाठी वापरणं हा तिच्या मूळ परवान्याबाहेरचा वापर आहे, पण त्वचारोगतज्ज्ञ अनेक दशकं तो करत आले आहेत आणि अमेरिकन त्वचारोग अकादमीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांतही तो आहे. पुरुषांना मात्र आम्ही मुरुमांसाठी ही पोटात देत नाही. छाती वाढते.

दुकानातून बाहेर पडण्याआधी एक गोष्ट बघा. पाकिटावर फक्त स्पायरोनोलॅक्टोन लिहिलेलं असावं. याच नावाबरोबर फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड जोडलेल्या गोळ्याही मिळतात आणि ‘तेच आहे’ म्हणून हातात ठेवल्या जातात. ती लघवी वाढवणारी दुहेरी गोळी आहे. माझ्याकडची एक मुलगी तीन आठवडे ती घेऊन चक्कर येते म्हणून परत आली होती. मुरुम होते तिथेच होते.

लग्न व्हायचंय. गर्भनिरोधक गोळी घेतली तर पुढे मूल होणार नाही, असं आई म्हणते.

होईल. गोळी थांबवली की अंडं बाहेर पडणं पुन्हा सुरू होतं, काहींचं लगेच, काहींचं दोन-तीन महिन्यांत. जिची पाळी आधीपासून अनियमित होती तिची गोळी सोडल्यावर पुन्हा तशीच होते. दोष मग गोळीवर येतो.

आईंना सोबत आणा, मी बोलते. पाकीट कपाटात साडीखाली लपवून घेतलेली गोळी आठवड्यातून तीनदा विसरली जाते. पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली नसतील किंवा मुलगी चौदाच्या आतली असेल, तर हाडांच्या वाढीचा विचार करून मी ही गोळी शक्यतो टाळते.

गर्भनिरोधक गोळी कुणाला देत नाही?

इथे रक्ताच्या रिपोर्टपेक्षा दोन गोष्टी मोलाच्या: रक्तदाबाचा पट्टा आणि नीट विचारलेले प्रश्न. पोटाची आतली तपासणी लागत नाही आणि रक्ताच्या चाचण्यांची लांब यादीही नाही. पण रक्तदाब न मोजता कुणी ही गोळी लिहून दिली, तर ती घेऊ नका.

रक्तदाब 160/100 किंवा वर असेल तर गोळी नाहीच. 140/90 च्या वर असला तरी मी देत नाही, आधी तो आटोक्यात आणून दुसरा मार्ग बघते. पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकार झाला असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, तर नाही. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तरुणपणी गुठळी झाली असेल, तर थांबून विचार करायचा. बाळंतपणानंतर पहिले तीन आठवडे अजिबात नाही, अंगावर पाजत असाल तर निदान सहा आठवडे नाही. तिथेही मुरुमांसाठी म्हणून मी घाई करत नाही.

पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट, तर नाही. आपल्याकडे सिगारेट कमी, मिश्री जास्त. ही गोळी कुणाला द्यायची याच्या निकषांमध्ये सिगारेटच मोजलेली आहे. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आणि निकोटीन रक्तदाब चढवतं, म्हणून मी विचारते. ‘दात घासायला लावते फक्त’ असं उत्तर आलं की दिवसातून किती वेळा, हेही विचारते.

सगळ्यात जास्त निसटणारा प्रश्न डोकेदुखीचा. ‘डोकं दुखतं का?’ असं विचारलं तर सगळ्याच हो म्हणतात. विचारायचं असं: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चकाकी, तिरीप किंवा आंधळा ठिपका येतो का? अर्ध्या तोंडाला, हाताला मुंग्या येतात का? ते पाच-दहा मिनिटांत पसरतं आणि तासाभरात जातं का? असं असेल तर ती पूर्वसूचनेसह येणारी अर्धशिशी. तिच्यात आणि इस्ट्रोजेनमध्ये पक्षाघाताचा धोका वाढवणारं नातं आहे, म्हणून वय काहीही असो, ही गोळी नाही. चकाकी न येणारी साधी अर्धशिशी वेगळी. पस्तिशीच्या आतल्यांना तिथे विचार करून देता येते.

औषधांचंही सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन, फिटसाठीचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर गोळीची ताकद उतरते. डॉक्सिसायक्लिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकने तसं होत नाही, जरी दुकानात तसं सांगितलं जातं.

पायात गुठळी होते म्हणतात. किती खरं?

खरं आहे आणि दुर्मिळही आहे. युरोपीय औषध संस्थेने दिलेले आकडे असे: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांपैकी वर्षाला सुमारे दोघींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन असलेली गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात, ड्रॉस्पिरेनोन हे प्रोजेस्टिन असलेली घेणाऱ्यांत नऊ ते बारा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून बराच जास्त असतो.

हा धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त. महिनाभर किंवा त्याहून जास्त खंड पाडून पुन्हा सुरू केली की तो पहिल्यापासून मोजायचा. म्हणून ‘लग्नसराईपुरती घेते, मग सोडते, दिवाळीला परत घेते’ ही पद्धत वाईट. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, कधी नव्हतं असं डोकं दुखणं, दिसायला किंवा बोलायला अडखळणं, यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवा आणि सरळ मोठ्या दवाखान्यात जा. तिथे ‘मी गर्भनिरोधक गोळी घेते’ हे पहिलं वाक्य असू द्या.

मग कोणती गोळी? आशाताई देतात ती माला-एन चालेल का?

माला-एनमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल आणि इस्ट्रोजेन आहे, एकवीस पांढऱ्या आणि सात तपकिरी लोहाच्या गोळ्या. लेव्होनॉर्जेस्ट्रेल स्वतः थोडं पुरुषी हार्मोनच्या बाजूला झुकतं, पण सोबतच्या इस्ट्रोजेनमुळे एकूण हिशेब मुरुम कमी होण्याकडेच जातो. पैशांची अडचण असेल तर मी ती नक्की वापरते.

खासगीत बहुधा ड्रॉस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरॉन असलेली लिहिली जाते. सायप्रोटेरॉनवर युरोपात 2013 मध्ये फेरविचार झाला. क्रीम आणि अँटिबायोटिकने न हटणाऱ्या मध्यम ते तीव्र मुरुमांसाठी किंवा अंगावरच्या जास्तीच्या केसांसाठीच ती वापरावी आणि तिच्यावर दुसरी हार्मोनची गर्भनिरोधक गोळी घेऊ नये, असं ठरलं. आपल्याकडे ती पहिल्याच भेटीत सर्रास दिली जाते, ते मला पटत नाही.

पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची छाया गोळी हार्मोनची नाही, मुरुमांसाठी तिचा उपयोग नाही. बहात्तर तासांच्या गोळीचाही नाही.

स्पायरोनोलॅक्टोन कुणाला चालते?

गर्भनिरोधक गोळी चालत नाही किंवा नको आहे अशा प्रौढ स्त्रीला, मूत्रपिंड नीट असेल आणि गरोदर राहण्याची शक्यता नसेल तर. ही दुसरी अट पक्की आहे. पोटात मुलगा असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या घडणीत हे औषध अडथळा आणू शकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून नवऱ्याबरोबर राहत असाल तर खात्रीचं गर्भनिरोधन हवं: गोळी, तांबी किंवा झालेलं ऑपरेशन. मूल हवं असेल तर निदान महिनाभर आधी थांबवायची.

मूत्रपिंडाचा आजार, अॅड्रिनल ग्रंथी मंदावण्याचा अॅडिसनचा आजार किंवा आधीच वाढलेलं पोटॅशियम असेल तर नाही. रक्तदाबासाठी रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशा गोळ्या चालू असतील तर मी सहसा टाळते, दिलीच तर रक्त तपासत देते.

सुरुवात बहुधा 50 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. अन्नाबरोबर ती जास्त शोषली जाते आणि सकाळी घेतली की रात्री लघवीला उठावं लागत नाही. सहा आठवड्यांनी सोसली तर 100 करते.

पोटॅशियम दर महिन्याला तपासायचं ना?

तरुण, धडधाकट, दुसरं औषध नसलेल्या बाईला नाही. ही गोळी मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, म्हणून भीती रास्त वाटते. पण 2015 मध्ये अमेरिकेत 974 निरोगी तरुण स्त्रियांचे 1802 रिपोर्ट तपासले, तेव्हा पोटॅशियम वाढलेले 13 निघाले, म्हणजे शंभरात एकही नाही. गोळी न घेणाऱ्यांतही जवळपास तेवढंच प्रमाण असतं. त्या तेरांपैकी सहा जणींची तपासणी पुन्हा केली आणि सहाही नॉर्मल आल्या. ज्यांना मी तपासते त्या वेगळ्या: पंचेचाळिशीच्या पुढच्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, वर सांगितलेली औषधं घेणाऱ्या. त्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आधी बघते, नंतर काही आठवड्यांनी, आणि डोस वाढवला की पुन्हा.

एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

कवठे महांकाळ तालुक्यातली एकतीस वर्षांची बाई, बेदाणा निवडायच्या शेडवर कामाला. दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन झालेलं. चार वर्षं जबड्यावर गाठीचे मुरुम, डॉक्सिसायक्लिन दोनदा झालं होतं. रक्तदाब 118/76, वजन ठीक, पाळी अठ्ठावीस दिवसांची. मी गर्भनिरोधक गोळी लिहिण्याच्या बेतात होते. मग डोकेदुखीचं विचारलं. म्हणाली, ‘आधी डोळ्यापुढं पाण्यावर ऊन हलतंय तसं दिसतं, मग वीस मिनिटांनी कपाळ धरतं.’ गोळी बाद. ऑपरेशन झालेलं असल्याने स्पायरोनोलॅक्टोनचा रस्ता मोकळा होता. 50 मिलिग्रॅम सुरू केली, सहा आठवड्यांनी 100. सुरुवातीला तिच्याच आग्रहाने केलेलं पोटॅशियम 4.2 होतं.

आठव्या आठवड्यात गावात तपासणी शिबिर झालं, तिथे हिनेही रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी फोन: पोटॅशियम 5.9, गोळी बंद करा, हृदय थांबू शकतं. बाई रडतच आली. मी आधी रिपोर्टचा कागद मागितला. खाली बारीक अक्षरात शेरा होता, नमुन्यात लाल पेशी फुटलेल्या आहेत. रक्त कधी घेतलं? सकाळी आठला. शहरातल्या लॅबला कधी पोचलं? चारच्या पुढे, बर्फाच्या डब्यातून. आणि घेताना दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला, ‘मूठ उघडझाप करा’ असं सांगितलेलं.

शरीरातलं बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. मूठ सारखी आवळली की ते स्नायूंतून बाहेर येतं. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं सांडतं. पेशी वेगळ्या न केलेलं रक्त तासन्‌तास गार ठेवलं तरी ते पेशींतून झिरपत राहतं. बाटलीत पोटॅशियम खरोखरच 5.9 होतं. बाईच्या अंगात होतं की नाही, हे त्या कागदावरून सांगता येत नव्हतं.

पण असं आहे म्हणून तो आकडा झटकून टाकायचा नसतो. त्या दिवशी गोळी थांबवली, ईसीजी काढला आणि लगेच नव्याने रक्त घेतलं. मूठ सैल, पट्टा सुई शिरताच सोडलेला, अर्ध्या तासात नमुना फिरवून वेगळा केलेला. पोटॅशियम 4.4, क्रिएटिनिन 0.7, ईसीजी नीट. तिसऱ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू केली.

तुमचाही रिपोर्ट असा आला तर हेच करा: गोळी थांबवा, त्याच दिवशी चांगल्या ठिकाणी पुन्हा तपासा, जुना कागद फेकू नका. अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं किंवा छातीत अनियमित धडधड असेल, तर पुन्हा तपासण्याची वाटही न बघता थेट इमर्जन्सीत जा.

बेदाणे, केळी, शहाळं बंद करायचं का?

निरोगी असाल तर नाही. तासगावात राहून बेदाणे सोडा, असं मी कुणाला सांगणारही नाही. नेहमीचं घरचं खाणं चालतं. बंद करायचं ते कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. तसंच कुणी सहज लिहिलेलं पोटॅशियमचं सिरप.

गोळी सुरू केल्यापासून पाळी लवकर लवकर येते.

स्पायरोनोलॅक्टोनचा हा सगळ्यात नेहमीचा त्रास आहे आणि तो डोसबरोबर वाढतो. वरच्या बाईलाही 100 वर गेल्यावर अठरा-वीस दिवसांनी पाळी यायला लागली. अशा वेळी बहुतेकींना गर्भनिरोधक गोळी जोडली की पाळी रुळावर येते. हिला ती देता येत नव्हती. हार्मोनची तांबी हा पर्याय होता, पण तिच्यातल्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलसोबत इस्ट्रोजेन नसतं, त्यामुळे काहींचे मुरुम उलट वाढतात. म्हणून डोस 75 वर आणला. दोन महिन्यांत पाळी पंचवीस-सव्वीस दिवसांवर स्थिरावली.

छाती दुखरी होणं, उठताना चक्कर, वारंवार लघवी हेही होतं आणि बरंच आपोआप कमी होतं. पाळी चुकली तर मात्र औषधामुळे असेल असं धरून बसू नका, आधी घरी गरोदरपणाची तपासणी करा. ऑपरेशन झालेलं असलं तरीही.

तीन महिने झाले, काहीच फरक नाही. बंद करू?

नेमकी इथेच सगळ्या सोडतात. इंग्लंड-वेल्समध्ये 410 स्त्रियांवर झालेला स्पायरोनोलॅक्टोनचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी मुरुम सुधारले म्हणणाऱ्या औषधाच्या गटात शंभरात 72 आणि खोट्या गोळीच्या गटात 68 होत्या, म्हणजे फरक जवळपास नाहीच. चोवीस आठवड्यांनी मात्र 82 आणि 63. तिसऱ्या महिन्यात निकाल लावला असता तर औषध नापास झालं असतं.

गर्भनिरोधक गोळीलाही निदान तीन पाकिटं द्यावी लागतात, पहिल्या महिन्यात थोडं वाढूही शकतं. तोवर रात्री अॅडॅपलिन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइडचं जेल चालू ठेवा. आमच्या बेदाणा शेडवाल्या बाईला सहाव्या महिन्यात पाळीआधी दोन-तीन मुरुम उरले होते. काळे डाग तसेच होते, ते या गोळ्यांचं काम नाही. थांबवल्यावर काही जणींचे मुरुम परत येतात, म्हणून मी हळूहळू उतरवते.

गर्भनिरोधक गोळी सुरू झाल्यावर काय काय तपासता?

तीन महिन्यांनी रक्तदाब आणि वजन, मग वर्षातून एकदा. दर भेटीला डोकेदुखीचं पुन्हा विचारते, कारण चकाकी नव्याने सुरू होऊ शकते. मोठं ऑपरेशन ठरलं असेल किंवा पायाला प्लास्टर पडणार असेल, तर आधी कळवा. ठरलेल्या मोठ्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी ती थांबवतो.

घरी गौरी-गणपती आहेत. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का?

एकत्रित गोळी चालू असेल तर वरून ती घेऊ नका. एक पाकीट संपलं की सात दिवसांची सुट्टी न घेता, किंवा तपकिरी गोळ्या बाजूला ठेवून, दुसऱ्या दिवशी नवं पाकीट सुरू करा. पाळी पुढे जाते. थोडे डाग पडू शकतात. फक्त हे पाकीट संपत असतानाच ठरवावं लागतं, आदल्या रात्री फोन करून जमत नाही.

जुलाब-उलट्या झाल्या तर?

स्पायरोनोलॅक्टोन तेवढे दिवस थांबवा, नीट खायला-प्यायला लागल्यावर सुरू करा. अंगातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम तेव्हाच चढतं. एप्रिल-मेमध्ये जत, आटपाडीकडे दिवसभर रानात काम करणाऱ्या बायकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. गर्भनिरोधक गोळी मात्र चालू ठेवायची. घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर लगेच दुसरी घ्या.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर काय सांगू?

पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथोक्साझोल एकत्र असलेली गोळी सहज दिली जाते. तीही पोटॅशियम अडवते आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर नको. लघवीसाठी दुसरी अँटिबायोटिक मिळतात. गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचंही तसंच, एखाद्या दिवशी चालतात, महिनाभर नाही. ‘चेहऱ्याची गोळी चालू आहे’ एवढंच सांगितलं तर समोरचा डॉक्टर क्रीम समजतो.